स्टार आणि डेल्टाच्या मधला एक दशांश सेकंद

नदीकाठच्या उपसा सिंचनाच्या पंपघरात 50 अश्वशक्तीची मोटार चालू होताना नीट ऐकलं, तर आधी काही सेकंद घुमणारा आवाज चढत जातो. मग पॅनलमध्ये लागोपाठ दोन खटके होतात आणि मोटार पूर्ण जोर धरते. पहिल्या खटक्याला स्टारचा कॉन्टॅक्टर सुटतो, दुसऱ्याला डेल्टाचा ओढला जातो. मधलं अंतर सेकंदाच्या दहाव्या भागाएवढं असतं, पण पॅनल शाबूत राहणं बरंचसं त्या अंतरावर अवलंबून असतं.

ही सारी उठाठेव कशासाठी? 415 व्होल्टवर चालणारी ही मोटार पूर्ण लोडला साधारण 66 अँपिअर घेते. थेट लाइनवर टाकली, तर सुरुवातीला त्याच्या सहापट, म्हणजे 400 अँपिअरच्या आसपास करंट ओढते. गावाकडच्या लांबलचक लाइनवर एवढ्याने व्होल्टेज बसतं आणि शेजारचा चालू पंपही धापा टाकू लागतो. म्हणून मोटारीच्या तिन्ही वाइंडिंगची सहाही टोकं पॅनलपर्यंत आणतात. सुरुवातीला तीन टोकं एकत्र बांधून स्टार करतात. तेव्हा प्रत्येक वाइंडिंगला 415 ऐवजी 240 व्होल्ट मिळतात आणि लाइनचा करंट एक तृतीयांश, म्हणजे 130 च्या घरात येतो. मोटार वेगात आली की डेल्टा करून पूर्ण व्होल्टेज द्यायचं. मात्र स्टारमध्ये मोटारीचा जोरही एक तृतीयांशच उरतो. त्यामुळे डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह बंद ठेवून सुरू केलेल्या सेंट्रिफ्यूगल पंपाला ही पद्धत मानवते, पण मालाने भरलेल्या कन्व्हेयरला ती बहुधा पेलत नाही.

या कामाला तीन कॉन्टॅक्टर लागतात: मेन, स्टार आणि डेल्टा. पूर्वी त्यांना एक टायमर चालवायचा, आता अनेक ठिकाणी पीएलसी चालवतो. वीज गेली आणि परत आली की चारही पंप एकदम उठू नयेत, एकामागून एक लागावेत, नदीची पातळी कमी असेल तर लागूच नयेत, असे हिशेब त्याला सहज जमतात. पण स्टारमधून डेल्टात जायची जबाबदारीही मग त्याच्यावर येते.

स्टारचा कॉन्टॅक्टर मोटारीची तीन टोकं एकमेकांना जोडतो, आणि डेल्टाचा कॉन्टॅक्टर त्याच तीन टोकांवर तीन फेज आणतो. दोन्ही एका क्षणापुरते जरी एकत्र बसले, तरी तिन्ही फेज एकमेकांवर आदळतात. मोटार मध्ये येतच नाही, सरळ शॉर्ट सर्किट होतं. कॉइलची वीज तोडल्याबरोबर कॉन्टॅक्टर मोकळा होतो असंही नाही. आर्मेचर मागे यायला काही मिलिसेकंद लागतात, आणि पॉइंट वेगळे झाल्यावरही त्यांच्यामधली ठिणगी विझायला थोडा वेळ जातो. पीएलसी मात्र आपला प्रोग्रॅम काही मिलिसेकंदांत एकदा वाचून संपवतो. एकाच फेरीत त्याने स्टार बंद आणि डेल्टा चालू केला, तर ठिणगी विझण्याआधीच डेल्टा बसू शकतो. म्हणून मध्ये मुद्दाम विराम ठेवतात. स्टार-डेल्टाच्या तयार टायमरमध्ये तो बहुतेकदा 50 मिलिसेकंदांच्या आसपास असतो. पीएलसीवर आपल्यालाच लिहावा लागतो, आणि 100 मिलिसेकंद ठेवणं सोयीचं पडतं.

मग अर्धा सेकंद का नको? कारण त्या विरामात मोटारीला वीज नसते. रोटर फिरत असतो, त्यात चुंबकत्व उरलेलं असतं आणि तो स्वतःच थोडं व्होल्टेज निर्माण करतो. वेग उतरत जातो तसं हे व्होल्टेज लाइनच्या तालातून निसटतं. ते विरुद्ध पडलेलं असताना डेल्टा बसला, की करंटचा जबर झटका बसतो. विराम लांबवला की ते चुंबकत्व विरतं खरं, पण पाण्याचा भार ओढणारा पंप तेवढ्यात बराच मंदावतो आणि स्टारमध्ये कमावलेला वेग वाया जातो. म्हणून ठिणगी विझेल एवढा वेळ द्यायचा आणि त्याहून फार जास्त द्यायचा नाही.

हा विराम कुठून मोजायचा, याला फार महत्त्व आहे. पीएलसीने स्टारचा आउटपुट बंद केला, याचा अर्थ स्टार सुटला असा होत नाही. पॉइंट वितळून चिकटले असतील, तर कॉइल मेली तरी कॉन्टॅक्टर बसलेलाच राहतो. म्हणून कॉन्टॅक्टरच्या बाजूच्या ऑक्झिलरी कॉन्टॅक्टची वायर पीएलसीच्या इनपुटला आणतात. तोही ‘एनसी’ प्रकारचा, म्हणजे कॉन्टॅक्टर सुटलेला असताना जुळलेला असणारा, निवडतात. वायर तुटली तर पीएलसीला ‘स्टार सुटला’ हा संकेत मिळतच नाही आणि डेल्टा लागत नाही. गाभा एवढाच:

```
TonStar(IN := Run, PT := T#8s);
TonGap(IN := TonStar.Q AND StarOpen, PT := T#100ms);
Star  := Run AND NOT TonStar.Q AND DeltaOpen;
Delta := Run AND TonGap.Q AND StarOpen;
```

आठ सेकंद झाले की स्टारचा हुकूम जातो. 100 मिलिसेकंदांची मोजणी मात्र `StarOpen` आल्यावरच सुरू होते. तो संकेत 300 मिलिसेकंदांत आला नाही, तर मेन पाडून अलार्म द्यायचा. मोटार सुरू करण्याआधीही दोन्ही कॉन्टॅक्टर सुटलेले आहेत ना, हे तपासायचं. नाहीतर चिकटलेल्या डेल्टावर मेन बसेल आणि मोटार थेट लाइनवर उठेल.

एवढं लिहूनही केवळ प्रोग्रॅमवर विसंबत नाहीत. पीएलसीचा आउटपुट रिलेही चिकटू शकतो, आणि पुढे कुणी प्रोग्रॅम बदलताना एखादी अट उडवू शकतो. म्हणून स्टारचा एनसी कॉन्टॅक्ट डेल्टाच्या कॉइलच्या वायरीत आणि डेल्टाचा स्टारच्या कॉइलच्या वायरीत सिरीजमध्ये टाकतात. शिवाय दोन्ही कॉन्टॅक्टरमध्ये यांत्रिक इंटरलॉक बसवतात, म्हणजे एक ओढलेला असताना दुसरा हलतच नाही. इमर्जन्सी स्टॉपचं बटणही कॉइलची वीज थेट तोडतं, पीएलसीची परवानगी मागत नाही.

आता ते आठ सेकंद आले कुठून? क्लॅम्प मीटरवरून. समजा, टायमर पाच सेकंदांवर आहे आणि डेल्टा लागताना कधीकधी ब्रेकर पडतो. स्टारमध्ये मोटार उठवून मेनच्या आधीच्या केबलवर मीटर लावला, तर पाचव्या सेकंदाला करंट अजून 110 वर दिसतो. सातव्या सेकंदाच्या सुमारास तो झपाट्याने उतरतो आणि 30 च्या आसपास स्थिरावतो. म्हणजे डेल्टा लागत होता तेव्हा मोटार वेगात आलेलीच नव्हती. टायमर आठवर नेला की झटका कमी होतो. ब्रेकर प्रत्येक वेळी त्याच क्षणी मोठा आवाज करून पडत असेल आणि स्टारचे पॉइंट काळवंडलेले असतील, तर मात्र आधी विराम आणि इंटरलॉक तपासायचे.

करंट दहा-बारा सेकंदांनीही उतरत नसेल, तर टायमर वाढवण्यात अर्थ नाही. व्हॉल्व्ह उघडा राहिला आहे किंवा पंपात काही अडकलं आहे, आणि वाइंडिंग मात्र तापत चाललं आहे. तिथे करंट रिलेचा संकेत पीएलसीला देऊन डेल्टा लावण्याऐवजी मोटार बंद करणंच बरं. आणखी एक गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. ओव्हरलोड रिले मेन कॉन्टॅक्टरच्या खाली, मोटारीच्या वायरींवर असेल, तर डेल्टात त्यातून वाइंडिंगचा करंट जातो, लाइनचा नाही. म्हणून तो 66 वर नाही, 38 अँपिअरवर लावायचा. 66 वर ठेवला, तर मोटार जळेपर्यंत तो पडणार नाही आणि पीएलसीला त्याचा पत्ताही लागणार नाही.