अवेळी बाहेर पडलेल्या माश्या

पिकलेल्या केळ्यांभोवती घोंघावणारी फळमाशी कोषातून वाटेल तेव्हा बाहेर पडत नाही. बहुतेक माश्या पहाटेच्या सुमारास बाहेर येतात. त्या वेळी हवेत ओल असते आणि कोवळे पंख उलगडण्याआधी सुकत नाहीत, म्हणून ही वेळ त्यांच्या अंगवळणी पडली असावी असे मानले जाते. कोष सतत अंधारात ठेवले तरी पहाटेचा हा नेम काही दिवस सुटत नाही. याचा अर्थ घड्याळ माशीच्या आतच आहे. मग ते घडवणारी जनुके शोधायची कशी?

1960 च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या कॅल्टेक संस्थेत सेमूर बेंझर यांच्या प्रयोगशाळेत शिकणाऱ्या रॉन कोनोप्का यांनी या प्रश्नाला हात घातला. त्या काळी माशीची जनुके वाचता येत नव्हती, त्यामुळे एखादे जनुक निवडून ते बिघडवण्याचा प्रश्नच नव्हता. कोनोप्कांनी उलट टोकाकडून सुरुवात केली. आधी हजारो माश्यांची जनुके आंधळेपणाने बिघडवायची, ज्यांचे घड्याळ चुकले आहे त्या माश्या हुडकून काढायच्या आणि मग नेमके काय बिघडले याचा माग काढत जनुकापर्यंत जायचे. लक्षणाकडून जनुकाकडे जाणाऱ्या या वाटेला फॉरवर्ड जेनेटिक्स म्हणतात. बिघडलेल्या माश्यांची ही चाळणी म्हणजे म्युटाजेनेसिस स्क्रीन.

जनुके बिघडवण्याचे काम सोपे होते. नर माश्यांना ईएमएस नावाचे रसायन खायला घातले जाते. हे रसायन डीएनएमधल्या ग्वानीन या घटकाला चिकटते. मग पेशी डीएनएची नक्कल करताना तिथे चूक करते आणि एका अक्षराच्या जागी दुसरे बसते. ही चूक कुठे होईल यावर कोणाचाही ताबा नसतो, आणि प्रत्येक शुक्रपेशीत चुका वेगळ्या असतात.

खरी अडचण पुढे होती. माशी कोषातून आयुष्यात एकदाच बाहेर पडते. एखादी माशी रात्री बाहेर आली, तर तिचे घड्याळ बिघडले होते की तो निव्वळ योगायोग होता, हे एका माशीवरून कळत नाही. त्यासाठी तोच बिघाड असलेल्या शेकडो माश्या हव्यात. शिवाय बहुतेक बिघाड अप्रभावी असतात: जनुकाची दुसरी प्रत धड असेल तर ते झाकले जातात.

यावर कोनोप्कांनी वापरलेली युक्ती माशी-शास्त्रज्ञांच्या जुन्या भात्यातली होती. नराकडे एक्स गुणसूत्र एकच असते, त्यामुळे त्यावरचा बिघाड झाकला जात नाही. एरवी मुलाला एक्स आईकडून मिळते. पण फळमाश्यांत अशा माद्यांचा एक वाण आहे, ज्यांची दोन्ही एक्स गुणसूत्रे एकमेकांना जोडलेली असतात. ती पुढच्या पिढीत जोडीनेच जातात आणि ज्या पिल्लाला मिळतात ते मादी होते. मुलग्यांना मग एक्स मिळते ते बापाचेच. रसायन खाल्लेल्या नराचा एकेक मुलगा वेगळा काढून अशा माद्यांबरोबर ठेवला, की त्याच्या बाटलीत जन्मणाऱ्या सगळ्या मुलग्यांत एकच, तोच तो बिघडलेला एक्स येतो. एक बाटली म्हणजे एक बिघडलेले गुणसूत्र, असा चोख हिशेब.

अशा सुमारे 2000 बाटल्या तयार झाल्या. प्रत्येक बाटलीतून दिवसा किती माश्या बाहेर आल्या आणि रात्री किती, हे मोजायचे. रात्रीचा आकडा मोठा दिसला की ती बाटली बाजूला काढायची. तरी एवढ्यावर विश्वास ठेवून चालत नाही. आजारी वाणात वाढ रेंगाळते, माश्या थोड्याच निघतात आणि आकडे तसेही विस्कटतात. म्हणून संशयित माश्यांची दुसरी परीक्षा घेतली गेली. एकेका माशीची हालचाल तिला न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात दिवसचे दिवस नोंदवली गेली. घड्याळच बिघडले असेल तर तो बिघाड इथेही दिसायला हवा.

तो दिसला. एका वाणाला लयच उरली नव्हती. दुसऱ्याचा दिवस 19 तासांचा झाला होता, तिसऱ्याचा 28 तासांचा. वर्तन असंख्य जनुकांच्या मेळातून घडते, एका जनुकाने ते असे हलणार नाही, असे मानणाऱ्यांना हा धक्काच होता.

हे बिघाड तीन जनुकांतले की एकाच? त्यासाठी दोन बिघाड एकाच मादीत आणले गेले, एक एक्स एका वाणाचे आणि एक दुसऱ्याचे. बिघाड वेगवेगळ्या जनुकांत असते, तर प्रत्येक एक्सने दुसऱ्याची उणीव भरून काढली असती आणि घड्याळ 24 तासांजवळ आले असते. पण लय हरवलेले आणि लांब दिवसाचे एक्स एकत्र आले तेव्हा दिवस लांबच राहिला. तिन्ही बिघाड गुणसूत्राच्या टोकाजवळ, डोळ्यांचा रंग ठरवणाऱ्या ‘व्हाइट’ जनुकाच्या शेजारी एकाच जागी सापडले. कोनोप्का आणि बेंझर यांनी 1971 मध्ये हे प्रसिद्ध केले आणि जनुकाला ‘पीरियड’ हे नाव दिले.

ईएमएस एका माशीत अनेक ठिकाणी चुका करते, त्यामुळे एकाच बिघाडावरून जनुकावर बोट ठेवणे धोक्याचे असते. एकाच जागी तीन वेगवेगळे बिघाड सापडले म्हणून हा दावा भक्कम झाला. शेवटचा पुरावा 1984 मध्ये आला. जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांच्या प्रयोगशाळांनी त्या जागचा डीएनए वेगळा केला. तो लय हरवलेल्या माश्यांत परत घातला, तेव्हा लय परतली. या तिघांना 2017 चे नोबेल मिळाले. बेंझर 2007 मध्येच वारले होते आणि कोनोप्का 2015 मध्ये, हे वाचताना चुटपुट लागतेच.

चाळणीतून काय निसटले, तेही सांगायला हवे. शोध फक्त एक्स गुणसूत्रापुरता होता, म्हणून दुसऱ्या गुणसूत्रावरचे ‘टाइमलेस’ हे घड्याळ-जनुक तेव्हा सापडणे शक्यच नव्हते; ते 1994 मध्ये पुढे आले. ‘डबलटाइम’ नावाचे जनुक पूर्ण बिघडले तर माशी कोषातून बाहेर येण्याइतकी जगतच नाही, मग तिची वेळ मोजणार कोण? आणि एकच काम दोन जनुके करत असतील, तर एक बिघडल्याचा पत्ताही लागत नाही.

बेंझर यांच्याबरोबर लकवा भरणाऱ्या माश्यांवर काम केलेले ओबेद सिद्दिकी यांनी हीच पद्धत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजवली. तिथे व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांच्यासह त्यांनी वास आणि चव न कळणाऱ्या माश्या चाळून काढल्या.

जनुकांची अक्षरे वाचता येऊ लागली, तशी उलट वाट खुली झाली. 1997 मध्ये सस्तन प्राण्यांत ‘पीरियड’शी साम्य असलेली जनुके मिळाली, अशी जनुके एकूण तीन निघाली. आता जनुक हातात होते आणि प्रश्न होता तो लक्षणाचा. हेच रिव्हर्स जेनेटिक्स. उंदरांत एकेक जनुक हेरून बंद केले गेले. पहिली दोन एकदम बंद केली तर अंधारातल्या उंदरांची लय पार नाहीशी झाली. तिसरे बंद केले तर दिवस जेमतेम अर्ध्या तासाने आखूड झाला, बाकी उंदीर धडधाकट. एवढ्या फरकावर चाळणीत कोणाची नजर पडली नसती. पण रिव्हर्स जेनेटिक्सची मर्यादाही उघड आहे: आधी कोणत्या जनुकावर संशय घ्यायचा ते ठाऊक असावे लागते. ‘पीरियड’ची अक्षरे 1971 मध्ये कोणी समोर ठेवली असती, तरी त्यांवरून घड्याळाची शंकाही आली नसती.

आता दोन्ही वाटा एकाच कामात जोडल्या जातात. अमेरिकेतल्या एका कुटुंबात अनेक जण संध्याकाळी साडेसातच्या सुमारास झोपेने पेंगत आणि पहाटे साडेचारला टक्क जागे होत. हा गुण पिढ्यांमागून पिढ्या उतरत होता. 2001 मध्ये त्याचा माग काढत संशोधक माणसाच्या दुसऱ्या ‘पीरियड’ जनुकातल्या एका अक्षराच्या बदलापर्यंत पोहोचले. त्या बदलाने प्रथिनातल्या सेरीनच्या जागी ग्लायसीन बसवले होते. पण कुटुंबात तो बदल आणि ही सवय बरोबर उतरतात, एवढ्याने कारण सिद्ध होत नाही. म्हणून बदल असलेले माणसाचे जनुक उंदरांत घातले गेले, आणि 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात उंदरांचाही दिवस आखूड निघाला.