पुढची तारीख लिहिल्याशिवाय कार्ड मिटायचं नाही

आमचं इंटिरिअरचं ऑफिस दोघींचं आहे. मी साइट आणि सुतारकाम बघते, माझी भागीदार ड्रॉइंग आणि कोटेशन. पहिली तीन वर्षं चौकशीची नोंद दोन ठिकाणी व्हायची, माझ्या डायरीत आणि तिच्या व्हॉट्सॲपमध्ये. मग एका दसऱ्याच्या सुमारास मोशीतल्या एका गृहस्थांचा मेसेज आला. टू बीएचके, पझेशन जानेवारीत, साधारण खर्च किती येईल? भागीदारानं त्यांना ७ लाख ४० हजारांचा अंदाज पाठवला. जानेवारीत त्यांच्या पत्नीचा फोन आला, पण माझ्याकडे आणि आमच्या सुताराच्या ओळखीनं. नंबर वेगळा, घर तेच. मला पत्ता लागला नाही आणि मी ६ लाख ६० हजार सांगून मोकळी झाले. पहिल्या अंदाजात किचनला बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्याला टिकणारा प्लाय धरला होता. मी सगळीकडे साधा एमआर प्लाय धरला होता. "एकाच ऑफिसातून दोन भाव कसे?" या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. ते काम गेलं.

त्यानंतर आम्ही हबस्पॉटचं मोफत खातं उघडलं. ग्राहकांची नोंद ठेवणारी अशी साधनं बरीच आहेत. झोहोचंही मोफत आहे. दोघींच्या ऑफिसला यातलं कुठलंही पुरतं. मोफत खात्यात किती जणांना प्रवेश आणि किती नोंदी, या मर्यादा कंपन्या बदलत असतात, म्हणून सुरू करण्यापूर्वी त्यांच्या दरपत्रकाच्या पानावर नजर टाकावी.

यात दोन गोष्टी वेगळ्या असतात, माणूस आणि काम. माणसाची नोंद `Contacts` मध्ये होते, कामाची `Deals` मध्ये. आमच्या धंद्यात हा फरक फार उपयोगी आहे, कारण घर एक असतं आणि बोलणारे तीन असतात. मोशीच्या प्रकरणात नवरा आणि बायको असे दोन कॉन्टॅक्ट, आणि दोघांना जोडलेलं "मोशी टू बीएचके" असं एकच डील असतं, तर मला पहिला आकडा फोनवर बोलतानाच दिसला असता. अर्थात ते शोधावं लागतं. हबस्पॉट एकच माणूस दोनदा आला हे मुख्यतः ईमेलवरून ओळखतं, आणि आपले ग्राहक ईमेल देत नाहीत, फोन नंबर देतात. त्यामुळे नवी नोंद करण्याआधी फोन नंबर शोधायचा आणि नंतर सोसायटी व फ्लॅट नंबर शोधायचा, हा नियम आम्हीच घालून घेतला. प्रत्येक डीलचं नावच सोसायटी आणि फ्लॅट नंबरनं सुरू होतं. माणसं दोन नंबरांवरून बोलतात, फ्लॅटचा नंबर मात्र एकच राहतो.

व्हॉट्सॲपवरचं बोलणं मोफत खात्यात आपोआप येत नाही. हाताने लिहावं लागतं. आम्ही सगळं संभाषण उतरवत नाही, फक्त पुढच्या माणसाला भाव सांगताना जे लागेल ते लिहितो. "किचन बीडब्ल्यूपी, बाकी एमआर. लॉफ्ट नको. सासूबाईंच्या खोलीत जुनं कपाट राहणार." एवढ्या तीन ओळींनी बरेच गैरसमज टळतात.

डील जसजसं पुढे सरकतं तसतशी त्याची पायरी बदलायची. सुरुवातीला तिथे तयार नावं असतात ती मोठ्या कंपन्यांच्या विक्रीला शोभणारी आहेत, ती आम्ही बदलली. चौकशी, साइट बघितली, लेआउट दिला, कोटेशन दिलं, टोकन आलं आणि गेलं. पायरीचं नाव नेहमी घडून गेलेल्या गोष्टीचं ठेवावं. "इच्छुक आहे" अशी पायरी ठेवली की तिथे पन्नास कार्डं साचतात, कारण इच्छुक तर सगळेच असतात.

पाठपुरावा चुकतो तो मात्र दुसऱ्याच कारणानं. बहुतेक जण दर आठवड्याला एक फोन करतात, ग्राहक वैतागतो आणि मग आपणही फोन सोडतो. इंटिरिअरची चौकशी आठवड्यात पिकत नाही. ती पझेशनच्या, कर्जाच्या, गृहप्रवेशाच्या तारखेला बांधलेली असते. म्हणून पहिल्याच बोलण्यात विचारायचं, राहायला कधी जायचंय? समजा उत्तर आलं, अक्षय्य तृतीयेला, आणि त्या वर्षी ती ३० एप्रिलला आहे. आमचं टू बीएचकेचं काम साधारण ६० दिवस घेतं. म्हणजे १ मार्चला सुतार साइटवर हवा. त्याआधी लॅमिनेट, हार्डवेअर आणि ड्रॉइंग पक्कं करायला १५ दिवस. म्हणजे १४ फेब्रुवारीच्या आत टोकन. ही तारीख डीलमध्ये घालायची आणि तिथून उलट पाठपुरावे लावायचे. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात "चावी मिळाली का?" एवढाच फोन, चावी मिळाल्यावर मोजमाप, लेआउट दिल्यानंतर तीन दिवसांनी दोघांना एकत्र बसवून चर्चा. १४ फेब्रुवारी जवळ आल्यावर जो फोन करायचा, त्यात आर्जव नसतं, हिशोब असतो. "या आठवड्यात ठरलं नाही तर अक्षय्य तृतीयेला किचन पूर्ण होणार नाही." हे ग्राहकालाही हवंच असतं.

प्रत्येक फोन `Tasks` मध्ये तारखेसह टाकला की त्या दिवशी आठवण येते. बिल्डरनं पझेशन दोन महिने पुढे ढकललं तर टास्कची तारीख बदलायची, पण डील "गेलं" मध्ये टाकायचं नाही. लांबलेलं काम आणि गेलेलं काम यांची गल्लत झाली की जूनमध्ये चावी मिळालेला ग्राहक दुसऱ्याकडे जातो आणि आपल्याला कळतही नाही.

आमची सगळ्यात कामाची खिडकी एका साध्या गाळणीची आहे. डीलच्या यादीत `Next activity date` या रकान्यासाठी `is unknown` ही अट लावून, आणि गेलेली व संपलेली कामं वगळून, ती यादी जतन करून ठेवली आहे. ज्या चालू कामाला पुढचा फोन, भेट, काहीच लावलेलं नाही, ती सगळी कामं तिथे दिसतात. सोमवारी सकाळी, साइटवर निघण्यापूर्वी, दोघी मिळून ती यादी रिकामी करतो. पहिल्यांदा लावली तेव्हा त्यात एकोणीस नावं निघाली. त्यातल्या चौघांना आम्ही लेआउट देऊन नंतर एकदाही फोन केला नव्हता.

काम खरंच गेलं तर `Closed lost reason` मध्ये ग्राहकानं सांगितलेलं कारण त्याच्याच शब्दांत लिहितो. "महाग" एवढंच लिहिलं तर वर्षअखेरीस त्यातून काही हाती लागत नाही. "सोसायटीतल्या दुसऱ्यानं मॉड्युलर किचन लगेच दिलं" असं लिहिलेलं सापडलं, तेही तीन ठिकाणी, तेव्हा आम्ही किचनचं ड्रॉइंग उरलेल्या घराआधी द्यायला लागलो.

टोकन आलं की डील संपत नाही. घर ताब्यात दिलं त्या दिवशी आम्ही तीन महिन्यांनंतरची एक तारीख टाकतो, बिजागऱ्या आणि ड्रॉवरचे चॅनेल घट्ट करायला जाण्यासाठी. पहिला पावसाळा झाला की दारं फुगतात, तेव्हाची आणखी एक. त्याच भेटीत समोरच्या फ्लॅटचं दार उघडतं, आणि मी जिन्यातच उभी राहून फोनवर आधी तो फ्लॅट नंबर शोधते.