त्रिकोणमितीचे उत्तर पारखताना

शाळेतील त्रिकोणमिती काटकोन त्रिकोणावर उभी असते आणि काटकोन त्रिकोणात काटकोनासमोरची बाजू, म्हणजे कर्ण, नेहमी सर्वांत लांब असते. सूत्रे विसरलेल्या किंवा कधीच न शिकलेल्या पालकाला एवढे ठाऊक असले तरी मुलाच्या वहीतील बऱ्याच चुका हेरता येतात. साइन काढताना कोनासमोरच्या बाजूला कर्णाने भागतात, कोसाइन काढताना कोनालगतच्या बाजूला. दोन्हींत छेदस्थानी कर्ण असल्यामुळे लघुकोनासाठी ही उत्तरे शून्याहून मोठी आणि एकाहून लहान असायलाच हवीत. वहीत एखाद्या कोनाचा साइन ५/४ लिहिलेला असेल, तर बहुधा अपूर्णांक उलटा झालेला असतो. टॅनला मात्र हे बंधन नाही, कारण त्यात कर्ण येतच नाही. तो एकाहून मोठाही असू शकतो.

दहावीत खरी अडचण येते ती उंची आणि अंतराच्या उदाहरणांत. समजा, इमारतीच्या पायथ्यापासून ३० मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला इमारतीचे टोक ६०° च्या उन्नत कोनात दिसते आणि इमारतीची उंची काढायची आहे. मुलाने उत्तर १७.३ मीटर काढले आहे. येथे ४५° चा कोन मोजपट्टीसारखा वापरता येतो. कोन नेमका ४५° असता, तर उंची आणि अंतर सारखेच, म्हणजे ३० मीटर आले असते. कोन त्याहून मोठा आहे, म्हणजे नजर जास्त वर उचलावी लागते; तेव्हा उंची ३० मीटरहून जास्तच असणार. १७.३ हे उत्तर आकडेमोड न तपासताही बाद होते. मुलाने टॅन ६०° च्या जागी टॅन ३०° ची किंमत घेतली असावी, किंवा √३ ने गुणण्याऐवजी भागले असावे. बरोबर उत्तर ३०√३ मीटर आहे. √३ सुमारे १.७३ धरला की ते जवळपास ५२ मीटर होते.

याची खात्री कंपासपेटीतूनच करता येते. ५ मीटरला १ सेंटिमीटर असे प्रमाण धरून ६ सेंटिमीटरची आडवी रेघ ओढावी, एका टोकाला कोनमापकाने ६०° चा कोन काढावा आणि दुसऱ्या टोकावर लंब उभारावा. तिरपी रेघ लंबाला जिथे छेदते, तिथपर्यंतची उंची सुमारे १०.४ सेंटिमीटर भरते, म्हणजे ५२ मीटर. एक-दोन मिलिमीटर इकडे-तिकडे झाले तरी १७ आणि ५२ यांतला फरक लपत नाही. आकृती काढताना पालकाने उदाहरण स्वतः वाचून आकडे घ्यावेत. मुलाची आकृतीच चुकलेली असेल, तर तिची नक्कल करून काहीच कळणार नाही. निरीक्षकाची उंची मिळवायची राहिली, अशी लहान चूक मात्र या मोजणीत सहज निसटते. ती उदाहरण पुन्हा वाचूनच सापडते.

अवनत कोनात आकृतीच चुकण्याचा संभव जास्त. दीपगृहावरून जहाज ३०° च्या अवनत कोनात दिसते, तेव्हा तो कोन डोळ्यासमोरच्या आडव्या रेषेपासून खाली मोजायचा असतो. मुले तो दीपगृहाच्या उभ्या भिंतीपासून मोजतात. इथेही ४५° ची कसोटी लागू पडते : कोन त्याहून लहान असेल, तर जहाजाचे अंतर दीपगृहाच्या उंचीपेक्षा जास्त हवे. ६० मीटर उंचीच्या दीपगृहासाठी ३४.६ मीटर हे उत्तर म्हणूनच चूक. खरे अंतर सुमारे १०४ मीटर.

सरळरूप देण्याच्या उदाहरणांत कोनाला एखादी किंमत देऊन पाहावे. मूळ राशी आणि मुलाचे उत्तर यांत कोनाच्या जागी ३०° घातले की दोन्हीकडे एकच संख्या यायला हवी. यासाठी ४५° टाळावा, कारण तिथे साइन आणि कोसाइन सारखे असतात आणि त्यांची अदलाबदल झाकली जाते. समजा, मुलाने १ − sin²θ चे उत्तर sin²θ लिहिले. ४५° ला दोन्हीकडे ०.५ येते आणि चूक दिसत नाही. ३०° ला मात्र एकीकडे ०.७५, तर दुसरीकडे ०.२५ येते. मोबाइलचा कॅल्क्युलेटर वापरायचा असेल, तर आधी sin 30 काढून पाहावे. ०.५ न येता उणे ०.९८८ आले, तर तो अंशांऐवजी रेडियनमध्ये मोजतो आहे आणि ती सेटिंग बदलायला हवी.

संख्या जुळली नाही, तर उत्तर नक्की चूक. जुळली, तरी ते बरोबरच असेल असे नाही. म्हणून ६०° घालूनही एकदा पाहावे. ‘सिद्ध करा’ या प्रकारच्या उदाहरणांत दोन्ही बाजू समान असल्याचे प्रश्नातच दिलेले असते, त्यामुळे केवळ शेवटची ओळ तपासण्यात अर्थ नाही. तिथे ३०° ची किंमत प्रत्येक ओळीत घालत जावे. जिथे संख्या अचानक बदलते, त्या ओळीवर बोट ठेवून ती कशी आली, हे मुलालाच सांगायला लावावे.