अंधाऱ्या सीनमध्ये चौकोन दिसतात? दोष टीव्हीचा की डेटाचा?

दिवसाचा सीन कसा लख्ख दिसतो. चेहरा, साडीची जर, मागची झाडं, सगळं स्पष्ट. आणि मग सिनेमात रात्र होते. नायिका कंदील घेऊन वाड्यात शिरते आणि तिच्या मागची भिंत अचानक राखाडी-काळ्या चौकोनांत फुटते. तुम्ही रिमोट उचलता, ब्राइटनेस वाढवता, तर चौकोन आणखीच ठळक होतात. मग घरात वाद सुरू होतो. एक म्हणतो टीव्ही खराब आहे, दुसरा म्हणतो नेट स्लो आहे.

या वादाचं उत्तर मिळू शकतं आणि त्यासाठी कुणा मेकॅनिकला बोलवावं लागत नाही. पण आधी हे चौकोन येतात कुठून, ते पाहू.

जगभर गाजलेला अंधार

२०१९ च्या एप्रिलमध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेचा ‘द लाँग नाइट’ हा भाग आला. भारतात तो २९ एप्रिलच्या सकाळी हॉटस्टारवर दिसला. सुमारे ८२ मिनिटांचा हा भाग जवळजवळ पूर्ण रात्रीच्या युद्धाचा आहे. काळोख, धुकं, बर्फाचं वादळ आणि मधूनच मशालींचा उजेड. प्रेक्षकांनी लगेच तक्रार केली की काही दिसतच नाही आणि जे दिसतं ते चौकोनी ठोकळ्यांत.

या भागाचे छायाचित्रकार फॅबियन वॅग्नर यांनी तेव्हा दोन गोष्टींकडे बोट दाखवलं. अनेकांच्या टीव्हीची सेटिंग नीट नसते आणि लोक उजेडाच्या खोलीत छोट्या स्क्रीनवर पाहतात, हे एक. स्ट्रीमिंगसाठी व्हिडिओ फार दाबला जातो, हे दुसरं. दोन्ही खरं आहे, पण दोन्हींचा दोष सारखा नाही. चौकोन तयार होतात व्हिडिओ दाबताना. स्क्रीन ते लपवते किंवा उघडे पाडते.

एका चौकोनाच्या वाट्याला किती?

फुल एचडी चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. व्हिडिओ दाबणारं सॉफ्टवेअर, म्हणजे एन्कोडर, हे चित्र छोट्या चौकोनांत कापतं. आजही खूप वापरल्या जाणाऱ्या H.264 पद्धतीत हा चौकोन १६ बाय १६ ठिपक्यांचा असतो. म्हणजे एका चित्रात सुमारे ८,१०० चौकोन. सेकंदाला २४ चित्रं धरली तर सुमारे १,९४,४०० चौकोन.

न दाबलेल्या साध्या व्हिडिओत अशा प्रत्येक चौकोनाला सुमारे ३,००० बिट लागतात. आता समजा, तुमच्याकडे येणाऱ्या व्हिडिओचा बिटरेट ५ एमबीपीएस आहे, म्हणजे सेकंदाला ५० लाख बिट. ते सगळ्या चौकोनांत वाटले तर एकाच्या वाट्याला सरासरी २५-२६ बिट येतात. ३,००० ची गरज आणि हातात २५!

तरीही चित्र छान दिसतं, कारण एन्कोडर हुशारीने खर्च करतो. मागच्या चित्रातली जी भिंत हललीच नाही, ती तो पुन्हा पाठवत नाही, ‘आधीचीच वापर’ एवढंच सांगतो. वाचलेले बिट तो चेहऱ्यावर किंवा हलणाऱ्या वस्तूवर खर्च करतो. पण धुकं, पाऊस आणि बर्फ प्रत्येक चित्रात बदलतात. तिथे ही युक्ती फारशी चालत नाही आणि बिट कमी पडतात. ‘तुंबाड’सारख्या सिनेमात मुसळधार पाऊस आणि काळोख एकत्र येतात, तो एन्कोडरसाठी सगळ्यात कठीण पेपर असतो.

अंधारावरच कात्री का चालते?

साध्या व्हिडिओत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उजेडाच्या पायऱ्या असतात. काळा म्हणजे १६, पांढरा म्हणजे २३५. चांदण्यातली भिंत एका टोकाला २० आणि दुसऱ्या टोकाला २८ असू शकते. म्हणजे पूर्ण स्क्रीनभर पसरलेल्या भिंतीसाठी जेमतेम नऊ पायऱ्या. एकेक पायरी दोनशेहून जास्त ठिपके रुंद होते.

मूळ चित्रीकरणात या पायऱ्या दिसत नाहीत, कारण चित्रात बारीक रवा असतो. तो पायऱ्यांच्या कडा मोडून टाकतो आणि डोळ्याला भिंत सलग वाटते. पण हा रवा दर चित्रात नव्याने उधळलेला असतो, म्हणून तो पाठवायला महाग पडतो. बिट कमी पडले की एन्कोडर पहिल्यांदा त्यालाच झाडून टाकतो.

चेहऱ्यावर १२० आणि १५० मधला फरक मोठा असतो, तो एन्कोडर जपतो. भिंतीवरचा २० आणि २१ मधला फरक आकड्यांत क्षुल्लक असतो, म्हणून तो पुसतो. मग अख्ख्या चौकोनाला एकच छटा मिळते. एक चौकोन सपाट २१, शेजारचा सपाट २२. आकड्यात फरक एकाचाच, पण अंधाऱ्या खोलीत डोळे सरावले की मधली सरळ रेघ लगेच खुपते. एन्कोडर आकडे मोजतो, तुम्ही अंधारात पाहता. गडबड इथे होते.

मग टीव्हीची सेटिंग काय करते?

२१ आणि २२ या छटा खरं तर जवळजवळ काळ्याच दिसायला हव्यात. पण दुकानात टीव्ही उठून दिसावा म्हणून असलेला Vivid किंवा Dynamic मोड घरीही सुरू राहिला किंवा अंधार उजळवणारं Dynamic Contrast सारखं सेटिंग चालू असलं, तर या छटांमधलं अंतर ताणलं जातं. झाकलेले चौकोन उघडे पडतात. ब्राइटनेस वाढवल्यावर हेच घडतं. जो तपशील एन्कोडरने पुसला, तो कोणत्याही सेटिंगने परत येत नाही. वाढतात ते फक्त चौकोन.

उलट चूकही होते. काळ्याची पातळी फार खाली असेल तर १६ पासून २५ पर्यंतचं सगळं एकाच काळ्या डबक्यात बुडतं. चौकोन गेल्यासारखे वाटतात, पण त्यांच्याबरोबर नायिकेचे केस आणि भिंतीवरची सावलीही जाते.

दोष ओळखा, आकारावरून

तुमच्या स्क्रीनवर नेमकं काय दिसतं, ते नीट पाहा.

सरळ, काटकोनी कडांचे चौकोन दिसत असतील आणि ते थरथरत किंवा ठरावीक अंतराने बदलत असतील, तर दोष बिटरेटचा.

नकाशातल्या रेषांसारखे वळणदार पट्टे दिसत असतील, तर उजेडाच्या पायऱ्या कमी पडताहेत. हे दाबलेल्या व्हिडिओमुळे होऊ शकतं, तसंच स्क्रीनमुळेही.

सलग काळं डबकं असेल आणि त्यात काहीच दिसत नसेल, तर आधी सेटिंग तपासा.

खात्री करायला दोन सोप्या चाचण्या आहेत. पहिली, तोच सीन त्याच स्क्रीनवर कमी आणि मग जास्त क्वालिटीत पाहा. यूट्यूबवर हे सहज जमतं. 480p वरून 1080p केल्यावर चौकोन लक्षणीय कमी झाले, तर स्क्रीन निर्दोष. दुसरी, संध्याकाळच्या आकाशाचा एक चांगला फोटो पेनड्राइव्हवरून टीव्हीवर लावा. फोटोत आकाश सलग दिसलं आणि सिनेमात फुटलं, तर टीव्हीला बोल लावू नका. फोटोतही पट्टे दिसले, तर Vivid मोड बंद करून पुन्हा पाहा. तरीही पट्टे तिथेच राहिले, तर ती त्या पॅनेलची मर्यादा असू शकते.

एक काळजी घ्या. टीव्हीचा मोबाइलने फोटो काढून निष्कर्ष काढू नका. मोबाइलचा कॅमेरा अंधार आपोआप उजळतो, त्यामुळे चौकोन आहेत त्याहून मोठे भासतात.

दुरुस्ती कोणत्या क्रमाने?

आधी बिटरेट. मोबाइल डेटावर पाहत असाल तर बहुतेकदा ॲपच बिट वाचवत असतं. नेटफ्लिक्सच्या मदत-पानानुसार मोबाइल डेटाचं Automatic सेटिंग एका जीबीत सुमारे चार तास चालतं, म्हणजे तासाला पाव जीबी. टीव्हीवरच्या एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत लागतात. बारापट फरक! तुमचं नेट कितीही वेगवान असलं तरी हे सेटिंग तेवढंच देणार. अंधाराचा सिनेमा असेल तर वाय-फायवर उच्च क्वालिटीत डाउनलोड करून पाहणं स्वस्तात पडतं.

अँड्रॉइड फोनवर आणखी एक गोष्ट तपासा. नेटफ्लिक्सच्या ॲप सेटिंगमध्ये Playback Specification उघडा. तिथे Widevine पुढे L3 असेल, तर त्या फोनवर एचडी मिळतच नाही, महागडा प्लॅन घेतला तरी. L1 असेल तर अडचण नाही.

मग टीव्ही. पिक्चर मोड Movie, Cinema किंवा Filmmaker ठेवा. Dynamic Contrast बंद करा. चित्र अंधुक वाटलं तर Backlight वाढवा. काळ्याची पातळी बदलणारं बटण मात्र जपून वापरा. जुन्या टीव्हींवर त्याचंच नाव Brightness असतं, काही नव्या टीव्हींवर ते Black Level असतं. एखादा अंधारा सीन थांबवा आणि काळ्या कोटाच्या घड्या जेमतेम दिसतील, पण कोट राखाडी होणार नाही, अशा जागी ते ठेवा. MPEG Noise Reduction किंवा Smooth Gradation अशी नावं दिसली तर Low वर लावून पाहा. चौकोनांच्या कडा थोड्या मऊ होतात. High वर नको, नाहीतर चेहरेही मेणाचे दिसू लागतात.

शेवटी खोली. पडदा ओढा आणि टीव्हीसमोरचा दिवा बंद करा. काचेवर पडणारा उजेड काळ्या छटा गिळतो आणि म्हणूनच आपला हात ब्राइटनेसकडे जातो. मंद दिवा टीव्हीच्या मागे असेल तर डोळे काळोखाला इतके सरावत नाहीत आणि एका पायरीचा फरक कमी खुपतो.

एवढं करूनही काही चौकोन राहतील. ते तुमच्या घरात पोहोचण्याआधीच व्हिडिओत होते, त्यामुळे निव्वळ त्यांच्यासाठी नवा टीव्ही घ्यायची गरज नाही.