पोकरमधील पात्रता-स्पर्धा आणि चकतीचे बदलते मोल

पत्त्यांच्या जुगारात पैसा व पैसादर्शक चकती यांचे नाते सामान्यतः सरळ असते. शंभर डॉलर देऊन घेतलेल्या चकत्या उठताना परत केल्या, तर शंभर डॉलरच मिळतात. दुप्पट चकत्या जमविल्या, तर दोनशे. पोकरच्या स्पर्धेत मात्र हे नाते तुटते. तेथे प्रत्येक जण ठरावीक प्रवेशशुल्क भरून सारख्याच चकत्या घेतो, त्या मध्येच मोडून पैसे घेता येत नाहीत, आणि ज्याच्या चकत्या संपल्या तो बाद होतो. शेवटी पैसा मिळतो तो चकत्यांना नव्हे, तर बाद होण्याच्या क्रमाला. या एका भेदातून असे काही निर्णय उद्‌भवतात की, जे या खेळाचा पुष्कळ अनुभव असलेल्या माणसालाही प्रथमदर्शनी वेडेपणाचे वाटावे.

स्पर्धा अनंत काळ चालू नये म्हणून तीत सक्तीच्या पैजांची योजना असते. प्रत्येक डावात दोन खेळाडूंना पाने पाहण्यापूर्वीच लहान व मोठी अशा दोन पैजा लावाव्या लागतात आणि ही पाळी क्रमाने सर्वांवर येते. यांना ‘ब्लाइंड’ म्हणतात. आपल्याकडील तीन पत्तीतही हा शब्द रूढ आहे. परंतु तेथे तो पाने न पाहता खेळण्याच्या ऐच्छिक कृतीला लागतो, येथे तो एका अपरिहार्य कराला लागला आहे. ठरावीक वेळाने हा कर वाढतो. म्हणून केवळ स्वस्थ बसून कोणालाही शेवटपर्यंत तगता येत नाही. बक्षिसे साधारणतः वरच्या दहा ते पंधरा टक्के खेळाडूंनाच मिळतात, आणि त्यांतील अंतरे वर जावे तसतशी मोठी होत जातात. लास व्हेगास येथील जागतिक पोकर मालिकेच्या २००३ सालच्या मुख्य स्पर्धेत तिसऱ्या क्रमांकास ६ लक्ष ५० हजार, दुसऱ्यास १३ लक्ष आणि पहिल्यास २५ लक्ष डॉलर मिळाले होते.

ही मालिका १९७० साली सुरू झाली. पहिल्या वर्षी विजेता खेळाडूंच्या मतदानाने ठरला. बाद पद्धती आली ती १९७१ साली, आणि १९७२ पासून मुख्य स्पर्धेचे शुल्क १० हजार डॉलर झाले. एवढी रक्कम रोख भरणारे थोडेच. यातून ‘सॅटेलाइट’ नावाची लहान पात्रता-स्पर्धा निघाली. मोठ्या स्पर्धेभोवती फिरणारी म्हणून ती उपग्रह. नाव समर्पक आहे. तीत थोडे शुल्क भरून अनेक जण खेळतात आणि जमलेल्या रकमेतून बक्षीस म्हणून पैसे न देता मुख्य स्पर्धेतील जागा दिल्या जातात. १९८३ चा विजेता टॉम मॅकएव्हॉय असाच आत आला होता. आणि २००३ साली ८३९ खेळाडूंमधून जिंकलेला ख्रिस मनीमेकर तर ८६ डॉलरांच्या पात्रता-स्पर्धेतून पायरीपायरीने वर चढला होता.

आता एक उदाहरण सविस्तर पाहावे. चाळीस खेळाडूंनी प्रत्येकी ७५० डॉलर भरले; संयोजकांचा मोबदला वेगळा धरला तर जमा ३० हजार होते, म्हणजे १० हजारांच्या तीन जागा. प्रत्येकास ५०० चकत्या दिल्या, तेव्हा खेळात एकूण २० हजार चकत्या आल्या. खेळता खेळता चारच जण उरले. त्यांना अ, ब, क व ड म्हणू. प्रत्येकापाशी ५ हजार चकत्या आहेत. जागा तीन आणि माणसे चार. एक जण बाद झाला की खेळ तेथेच संपतो. ही अवस्था खेळाडूंच्या भाषेत ‘बबल’, अर्थात बुडबुडा: तो कोणाच्या तरी नावाने फुटावयाचा असतो.

समजा, अ ने आपल्या सर्व चकत्या पुढे सारल्या. ब ने आव्हान स्वीकारावे, की पाने टाकावीत? सक्तीच्या पैजा क्षणभर बाजूला ठेवू. रोखीच्या खेळात प्रश्न सोपा आहे. पाच हजारांसाठी पाच हजार लावायचे, म्हणून जिंकण्याची शक्यता ५० टक्क्यांहून अधिक असली की पुरे. येथे मात्र पाने टाकली तरी ब ची जागा मिळण्याची शक्यता चारांत तीन, म्हणजे ७५ टक्के आहेच. स्वीकारून जिंकला तर ती १०० टक्के होते, हरला तर शून्य. तेव्हा स्वीकारण्यासाठी ७५ टक्क्यांहून अधिक खात्री हवी. चकत्या दुप्पट झाल्या, पण त्यांचे मोल तीनचतुर्थांशावरून पूर्णावर, म्हणजे केवळ एकतृतीयांशाने वाढले.

याच चौघांत जागांऐवजी ५, ३ व २ हजारांची साधी बक्षिसे असती तर काय झाले असते? येथे मोल काढण्याची रीत सांगणे अवश्य आहे. ती मूळची घोड्यांच्या शर्यतीसाठी संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड हार्विल यांनी १९७३ साली मांडलेल्या सूत्रावर आधारलेली असून पुढे मेसन माल्मथ यांनी ती पोकरला लावली. पहिला येण्याची शक्यता एकूण चकत्यांतील वाट्याएवढी धरावयाची. पहिला ठरला की त्यास वगळून उरलेल्यांत पुन्हा तसेच वाटे पाडावयाचे. याप्रमाणे खाली उतरावयाचे. चौघेही सारखे असताना प्रत्येकाचे मोल अर्थात २,५०० डॉलर. ब जिंकला तर त्याच्याकडे १० हजार व इतर दोघांकडे पाच-पाच हजार चकत्या राहतील. तो पहिला येण्याची शक्यता निम्मी. उरलेल्या निम्म्या प्रसंगी दुसरा कोणी पहिला येतो. त्याला वगळल्यावर उरलेल्या १५ हजारांत ब चे १० हजार, म्हणून दुसरा येण्याची शक्यता अर्ध्याची दोनतृतीयांश, म्हणजे एकतृतीयांश. आणि तिसरा येण्याची एकषष्ठांश. बक्षिसांनी गुणून बेरीज केली की सुमारे ३,८३३ डॉलर येतात. २,५०० सोडून ३,८३३ मिळवावयाचे, तर ६५ टक्के खात्री लागते. रोखीत ५०, साध्या स्पर्धेत ६५, पात्रता-स्पर्धेत ७५: पाने तीच, चकत्याही त्याच, फरक आहे तो फक्त बक्षिसांच्या उतरंडीत.

खरा चमत्कार मात्र यापुढे आहे. चकत्या सारख्या नसून अ, ब व ड यांच्यापाशी साडेसहा-साडेसहा हजार आणि क पाशी केवळ ५०० आहेत असे समजू. सक्तीच्या पैजा २०० व ४०० च्या आहेत; मोठी पैज या डावात ब ची असून पुढच्या डावात ती क वर येणार आहे. क ने पाने टाकली, अ ने सर्व काही पुढे सारले, लहान पैज लावलेल्या ड नेही पाने टाकली. ब ने आपली दोन पाने उचलून पाहिली, तो दोन एक्के. या खेळात सुरुवातीस याहून चांगली पाने नाहीत. अ ची पाने कोणतीही असू शकतात असे धरले, तरी ब जिंकण्याची शक्यता सुमारे ८५ टक्के. अर्थात स्वीकारल्यास १० हजारांच्या जागेचे मोल ८,५०० च्या आसपास.

पाने टाकली तर? ४०० चकत्या जातील, ६,१०० उरतील. वरील रीतीने हिशेब केला असता ब ची जागा मिळण्याची शक्यता ९५ टक्क्यांहून किंचित अधिक येते, म्हणजे ९,५०० डॉलर. एक्के टाकणे हे एक्के खेळण्यापेक्षा सुमारे हजार डॉलरांनी लाभदायक आहे. पहिल्या उदाहरणात ८५ टक्के ही शक्यता ७५ हून अधिक असल्याने हेच एक्के खेळणे योग्य ठरले असते. मधल्या काळात ब च्या पानांत काही बदलले नाही, समोरच्या अ तही नाही. बदलली ती डावात भागही न घेतलेल्या क ची दैन्यावस्था.

ब ने एक्के खेळलेच तर पैसा कोठे जातो हेही पाहण्यासारखे आहे. तीन जागांचे एकूण मोल ३० हजारच राहणार. डाव सुरू होण्यापूर्वी अ आणि ब यांचे मिळून मोल सुमारे १९,१५० होते. दोघांच्या झुंजीनंतर एक बाद होतो आणि दोघांचे मिळून १० हजारच उरतात. गेलेल्या नऊ हजारांतील चारेकशे ड कडे, आणि बाकीचे जवळजवळ सारे क कडे जातात. ज्या क ची जागा मिळण्याची शक्यता जेमतेम १३ टक्के होती, त्याला ती बसल्या बसल्या मिळते. ब ने जिंकलेला डावही अशा रीतीने मुख्यतः परक्याची भर करतो.

पुढे सारणारा आणि स्वीकारणारा यांच्यातील असमानताही येथून निघते. पुढे सारणाऱ्याला दुसऱ्याने पाने टाकल्यामुळेही लाभ होतो. स्वीकारणाऱ्याला पाने उघडी करून जिंकण्यावाचून मार्ग नाही. म्हणून अशा वेळी जाणते खेळाडू सहज पुढे सारतात आणि फार क्वचित स्वीकारतात. पण हा दबाव समोरच्याला हिशेब कळतो या गृहीतावर उभा आहे. ब ला तो कळत नसेल, तर त्याच्या चुकीचा दंड अ लाही तेवढाच बसतो. अनोळखी खेळाडूंमध्ये अ ची चाल बहुतेक वेळा धाडस नसून निव्वळ चूक असते.

रीतीच्या मर्यादाही आहेत. सूत्राला चकत्यांचे ढीग दिसतात, बैठकीचा क्रम दिसत नाही. पुढच्याच डावात क ला पाचशेपैकी चारशे सक्तीने लावावे लागणार, ही गोष्ट त्या हिशेबात नाही. म्हणजे क ची खरी स्थिती बहुधा सूत्र दाखविते त्याहून वाईट, आणि ब चे पाने टाकणे अधिकच योग्य. उलट, आपल्याहून दरिद्री कोणी उरला नसताही जो पाने टाकीतच राहतो, त्याचा ढीग त्याच सक्तीच्या पैजा पोखरतात. पात्रता-स्पर्धेत बाद होणाऱ्यांत हे भित्रे बरेच असतात. पाने टाकण्यापूर्वी सर्वांत लहान ढीग कोणाचा आणि त्याच्यावर मोठी पैज किती डावांनी येणार, एवढे पाहिले तरी ही चूक बरीचशी टळते. अनेक मेजांवर खेळ चालू असेल तर इतर मेजांकडेही पाहावे लागते. दुसरीकडचा कोणी आधी बाद व्हावा म्हणून मुद्दाम वेळ काढणारेही असतात. यासाठीच बुडबुड्याच्या वेळी सर्व मेजांवर एकेक डाव एकाच वेळी खेळविण्याचा नियम केला जातो.

मुख्य स्पर्धेत पोहोचल्यावर ही सवय बरोबर नेणे हा आणखी एक दोष. तेथे केवळ टिकून राहण्याला मोल थोडे. खरा पैसा वरच्या दोन-तीन पायऱ्यांवर आहे. आणि अखेरचे दोघे उरले की सारे गणित एकदम साधे होते. २००३ साली मनीमेकर व सॅम फर्हा समोरासमोर आले, तेव्हा १३ लक्ष प्रत्येकाचे ठरलेलेच होते. उरलेल्या १२ लक्षांसाठी तिसरा कोणी नव्हता, आणि चकतीला पुन्हा रोखीतल्यासारखे सरळ प्रमाणात मोल आले होते.