निपाणी आणि बेळगावच्या पिनकोडचा मसावि



दोन संख्यांचा मसावि, म्हणजे महत्तम साधारण विभाजक, काढणे तुम्हाला नवीन नाही. २४ आणि ३६ दिले की १२ हे उत्तर तोंडीच येते. त्यासाठी आपण दोन्ही संख्यांचे मूळ अवयव पाडतो आणि सामाईक अवयवांचा गुणाकार करतो. पण संख्या मोठ्या झाल्या की ही रीत अडते. ती कशी अडते आणि तेव्हा काय करायचे, हे पाहण्यासाठी वर्गात एकदा आपल्याच भागातील दोन मोठ्या संख्या घेतल्या. निपाणीचा पिनकोड ५९१२३७ आणि बेळगाव मुख्य टपाल कार्यालयाचा ५९०००१. पत्रावर रोज लिहिल्या जाणाऱ्या या दोन संख्यांचा मसावि किती?

पहिला प्रयत्न अर्थातच अवयवांचा झाला. ५९०००१ च्या अंकांची बेरीज १५, म्हणून ३ ने भाग जातो आणि १९६६६७ उरतात. येथून पुढे गाडी अडली. ७, ११, १३, १७, १९, २३ असे करत ४३ पर्यंतच्या सर्व मूळ संख्या लावून पाहिल्या, तरी १९६६६७ ला एकानेही भाग जाईना. आणखी किती पुढे जायचे? भाग जाणारी संख्या मिळालीच नाही, तर ४४३ पर्यंत जावे लागेल, कारण ४४४ चा वर्ग १९६६६७ पेक्षा मोठा होतो. एवढे करूनही काम एकाच संख्येचे झाले, दुसरी शिल्लकच.

अशा वेळी भागाकाराची रीत उपयोगी पडते. तिच्यात अवयव पाडावे लागत नाहीत. मोठ्या संख्येला लहान संख्येने भागायचे. बाकी उरली तर आधीच्या भाजकाला त्या बाकीने भागायचे. पुन्हा बाकी उरली तर पुन्हा तसेच. बाकी शून्य आली की थांबायचे. त्या वेळचा भाजक म्हणजेच मसावि. आपल्या संख्यांचे सर्व भागाकार असे होतात :

(१) ५९१२३७ = ५९०००१ × १ + १२३६
(२) ५९०००१ = १२३६ × ४७७ + ४२९
(३) १२३६ = ४२९ × २ + ३७८
(४) ४२९ = ३७८ × १ + ५१
(५) ३७८ = ५१ × ७ + २१
(६) ५१ = २१ × २ + ९
(७) २१ = ९ × २ + ३
(८) ९ = ३ × ३ + ०

शेवटचा भाजक ३. म्हणून मसावि ३. अवयवांच्या वाटेने जे काम पानभर करूनही अर्धवट राहिले असते, ते आठ ओळींत संपले.

हे बरोबर का येते? पहिली ओळ पाहा. समजा एखाद्या संख्येने ५९१२३७ ला पूर्ण भाग जातो आणि ५९०००१ लाही जातो. मग त्यांच्या वजाबाकीला, म्हणजे १२३६ लाही, तिने भाग गेलाच पाहिजे. पाच-पाचच्या ढिगांत पूर्ण मावणाऱ्या गोट्यांतून पाच-पाचच्या ढिगांत पूर्ण मावणाऱ्या गोट्या काढल्या, तर उरलेल्या गोट्याही पाच-पाचच्या ढिगांत मावतातच, तसे हे आहे. उलट बाजूनेही तेच. जी संख्या ५९०००१ आणि १२३६ या दोघांना भागते, ती त्यांची बेरीज असलेल्या ५९१२३७ लाही भागते. म्हणजे पहिल्या जोडीचे सगळे साधारण विभाजक आणि दुसऱ्या जोडीचे सगळे साधारण विभाजक एकच. प्रत्येक ओळीत जोडी लहान होते, पण तिचे साधारण विभाजक बदलत नाहीत. शेवटी ९ आणि ३ ही जोडी उरते आणि तिचा मसावि सांगायला कागद लागत नाही. बाकी नेहमी भाजकापेक्षा लहान असल्यामुळे बाक्या उतरत जातात आणि केव्हातरी शून्य येतेच.

आता वर्गात काय झाले ते सांगतो. बहुतेकांचे उत्तर ३ आले, पण एका वहीत १ आले. मुलगा हुशार, मांडणी स्वच्छ, शेवटी बाकीही शून्य. आपले चुकले कोठे हे त्याला दिसेना. त्याने उत्तराचा पडताळा घेतला होता : १ ने दोन्ही पिनकोडना भाग जातो. खरेच आहे! पण १ ने कोणत्याही संख्येला भाग जातो. उत्तराने दोन्ही संख्यांना भागून पाहण्याचा पडताळा उत्तर साधारण विभाजक आहे एवढेच सांगतो. तो सर्वांत मोठा आहे की नाही, हे त्यातून कळत नाही. उत्तर लहान आले असेल तर ही चूक या पडताळ्यातून निसटते.

त्याची वही ओळीने तपासली. दुसऱ्या ओळीत वजाबाकी करताना ४२९ ऐवजी ४१९ लिहिले गेले होते. त्यापुढच्या त्याच्या बाक्या ३९८, २१, २०, १ आणि ० अशा होत्या. पुढचा प्रत्येक भागाकार अचूक होता, पण तो १२३६ आणि ४१९ या भलत्याच जोडीचा मसावि काढत होता. एका दशकाची चूक, आणि उत्तर पार बदलले.

ही चूक लवकर कशी सापडली असती? दोन्ही पिनकोडना ३ ने भाग जातो हे अंकांच्या बेरजेवरून आधीच माहीत होते : ५९०००१ ची बेरीज १५ आणि ५९१२३७ ची २७. मग वरच्या नियमाप्रमाणे साखळीतल्या प्रत्येक बाकीला ३ ने भाग गेलाच पाहिजे. १२३६ ची बेरीज १२, ठीक. ४१९ ची बेरीज १४. येथेच थांबायचे! चूक याच ओळीत आहे. दोन्ही संख्यांचा एखादा सोपा साधारण विभाजक आधी ठाऊक असेल, तर तो प्रत्येक बाकीवर लावून पाहावा.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. त्याच ओळीत एका विद्यार्थिनीने भागाकार ४७७ ऐवजी ४७६ घेतला. तिची बाकी १६६५ आली, म्हणजे भाजक १२३६ पेक्षा मोठी. बाकी भाजकापेक्षा मोठी दिसली की भागाकार कमी घेतला गेला हे समजावे. तरीही तिचे अंतिम उत्तर ३ च आले, फक्त एक ओळ वाढली. कारण १६६५ ही बाकी म्हणून योग्य नसली, तरी ५९०००१ मधून १२३६ च्या पटी काढून खरोखर उरलेली संख्या आहे. भागाकार कमी घेतला तर वेळ जातो. वजाबाकी चुकली तर उत्तर जाते.

पण सोपा विभाजक आधी माहीत नसेल तर? तेव्हा साखळी खालून वर चढावी. सातवी ओळ सांगते की ३ = २१ − ९ × २. यातल्या ९ च्या जागी सहाव्या ओळीतील ५१ − २१ × २ ठेवा, मग २१ च्या जागी पाचव्या ओळीतील किंमत ठेवा, आणि असेच वर जा :

३ = २१ × ५ − ५१ × २
३ = ३७८ × ५ − ५१ × ३७
३ = ३७८ × ४२ − ४२९ × ३७
३ = १२३६ × ४२ − ४२९ × १२१
३ = १२३६ × ५७७५९ − ५९०००१ × १२१

शेवटची ओळ गुणून पाहा : ७१३९०१२४ − ७१३९०१२१ = ३. दोन्ही पिनकोडना भागणारी कोणतीही संख्या १२३६ लाही भागते, म्हणून ती उजव्या बाजूच्या दोन्ही गुणाकारांना भागते आणि म्हणून ३ लाही भागते. मग ती ३ पेक्षा मोठी असूच शकत नाही. उत्तराने दोन्ही संख्यांना भाग जातो हा एक पडताळा आणि ही चढण हा दुसरा. दोन्ही जुळले की शंकेला जागा उरत नाही.

ही रीत युक्लिडने इ. स. पूर्व ३०० च्या सुमारास आपल्या ग्रंथाच्या सातव्या भागात दिली. आपल्याकडे ती कुट्टक गणितात येते. सह्याद्रीच्या परिसरात राहणाऱ्या भास्कराचार्यांनी ११५० मध्ये रचलेल्या ‘लीलावती’त एक उदाहरण आहे : २२१ ला कशाने गुणून त्यात ६५ मिळवले, तर १९५ ने पूर्ण भाग जाईल? ते सोडवताना आधी २२१ आणि १९५ यांना परस्परांनी भागायचे असते. बाक्या २६, १३ आणि ० येतात, म्हणून मसावि १३. मग मिळवायच्या ६५ ला १३ ने भाग जातो का हे पाहायचे. तो जातो, म्हणून उदाहरण सुटते; ५ ने गुणले तर ११०५ + ६५ = ११७०, म्हणजे १९५ ची सहापट. ६५ ऐवजी ६६ असते तर उत्तर कितीही शोधून मिळाले नसते, कारण १३ ने ६६ ला भाग जात नाही. अशा वेळी उदाहरणच चुकीचे आहे असे समजावे, असे भास्कराचार्य सांगतात. मसाविने दोन्ही संख्या लहान करण्याला ते अपवर्तन म्हणतात. आपल्या कन्नड गणितात मसाविला ‘महत्तम सामान्य अपवर्तन’ म्हणतात, त्यात तोच शब्द आहे.

ही साखळी फार लांबेल अशी भीती बाळगू नका. फ्रेंच गणिती लामे याने १८४४ मध्ये सिद्ध केले, की लहान संख्येत जितके अंक असतील त्यांच्या पाचपटीहून जास्त भागाकार कधीच लागत नाहीत. सहा अंकी संख्येला फार तर तीस. आपल्याला आठ लागले.

आता घरी करून पाहण्यासाठी खानापूरचा पिनकोड ५९१३०२ घ्या आणि निपाणीच्या ५९१२३७ बरोबर त्याचा मसावि काढा. बाक्या ६५, ६२, ३, २, १ आणि ० अशा यायला हव्यात, म्हणजे उत्तर १. पण हा १ खरा आहे, की वर्गातल्या त्या वहीसारखा चुकून आलेला? साखळी खालून वर चढा. ६५ × २१ − ६२ × २२ या ओळीपाशी पोहोचलात आणि १३६५ मधून १३६४ वजा केलेत, की तुमचे तुम्हालाच कळेल.