कप खरा होता, स्टारबक्स मात्र नव्हते

विंटरफेलच्या दालनात मेजवानी रंगली आहे. मेणबत्त्या तेवताहेत, लांबलचक मेजांवर मद्याचे पेले आहेत, आणि डेनेरिस टारगेरियन राणीच्या रुबाबात बसली आहे. तिच्यासमोर मेजावर झाकण लावलेला, आजच्या कॉफीच्या दुकानात मिळतो तसा कागदी कप आहे. ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या आठव्या पर्वाचा हा चौथा भाग 5 मे 2019 रोजी अमेरिकेत दाखवला गेला. साधारण अठराव्या मिनिटाच्या आसपास जेमतेम काही क्षण दिसणारा तो कप रात्रीत जगभर पोहोचला. सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होते: राणीसमोर स्टारबक्सचा कप!

या एका वाक्यात दोन दावे आहेत आणि ते वेगवेगळे तपासावे लागतात. कप होता का? होता. एचबीओ वाहिनीने चूक लगेच मान्य केली आणि डेनेरिसने खरे तर हर्बल चहा मागवला होता, अशी कोपरखळीही मारली. तो स्टारबक्सचा होता का? नव्हता. चित्रीकरणाच्या जागी कलाकार-तंत्रज्ञांच्या खाण्यापिण्याची जी सोय असते, तिथला तो साधा कप होता. चित्रात कंपनीचे चिन्ह वाचताच येत नाही. पण तशा आकाराचा कप दिसला की डोळा ओळखीचे नाव स्वतःहून चिकटवतो. चुकांच्या बहुतेक बातम्या अशाच फुगतात. दिसलेली गोष्ट खरी असते, पण तिला जोडलेला तपशील बघणाऱ्याने घातलेला असतो.

खरी गंमत पुढे आहे. भाग दाखवल्यानंतर दोनच दिवसांत एचबीओने आपल्या ऑनलाइन सेवेवरच्या प्रतीतून तो कप संगणकाच्या मदतीने पुसून टाकला. आज कोणी हौसेने तो प्रसंग उघडला तर मेजावर कप नाही. असा प्रेक्षक प्रामाणिकपणे म्हणेल, की ही सगळी अफवा होती. ‘द मँडलोरियन’च्या दुसऱ्या पर्वातही हेच घडले. 2020 च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या बाराव्या प्रकरणात पडद्याच्या डाव्या कडेला जीन्स आणि टी-शर्ट घातलेला एक माणूस उभा दिसत होता. तो चित्रीकरण-चमूतला होता. पुढे डिस्ने प्लसवरच्या प्रतीतून तोही नाहीसा झाला.

म्हणून चूक तपासताना पहिला प्रश्न हाच, की आपण कोणती प्रत बघतो आहोत? पहिल्या प्रसारणाची, नंतर दुरुस्त केलेली, डीव्हीडीवरची, की मुळात मालिकेतली नसलेलीच?

शेवटची शक्यता अनेकांच्या लक्षात येत नाही. कपाच्या पुढच्याच आठवड्यात जेमी लॅनिस्टरच्या हाताची बातमी आली. तिसऱ्या पर्वात जेमीचा उजवा हात कापला गेला होता आणि त्यानंतर तो सोन्याचा हात लावून वावरतो. पाचव्या भागातला म्हणून एक फोटो सगळीकडे फिरू लागला. त्यात जेमीने सर्सीला मिठी मारली आहे आणि त्याचा उजवा हात धडधाकट दिसतो आहे. कपाची आठवण ताजी असल्यामुळे लोकांनी हीही चूक मालिकेच्या खात्यावर टाकली. पण तो फोटो भागातला नव्हताच. तो प्रसिद्धीसाठी दिलेले स्थिरचित्र होते. असे फोटो सेटवर वेगळा छायाचित्रकार काढतो. ते संकलकाच्या मेजावरून जात नाहीत आणि पडद्यावर दिसणारी फ्रेम त्यांच्याशी जुळेलच असे नाही. 2014 मध्ये ‘डाउन्टन ॲबी’च्या दिवाणखान्यात शेकोटीवरच्या फळीवर प्लॅस्टिकची पाण्याची बाटली दिसली, तीही प्रसिद्धीच्या फोटोतच होती.

अशा वेळी पडताळणी करायची ती प्रत्यक्ष भाग उघडूनच. आधी पर्व आणि भाग यांचा क्रमांक शोधावा. दावा करणाऱ्याने मिनिट-सेकंद दिले असतील तर त्यांवर पूर्ण विसंबू नये. सेकंदाला 24 चित्रांनी घेतलेली मालिका युरोपातल्या जुन्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर 25 चित्रांच्या वेगाने धावते, त्यामुळे 50 मिनिटांचा भाग 48 मिनिटांतच संपतो आणि शेवटाकडची वेळ दोन मिनिटांनी हुकते. त्यापेक्षा त्या क्षणी कोण काय बोलते आहे ते टिपून ठेवावे. संवाद सगळ्या प्रतींत त्याच जागी सापडतो. मग एकेक चित्र पुढे सरकवत पाहावे. व्हीएलसीमध्ये `E` ही कळ दाबली की एक चित्र पुढे जाते. पुढे-मागे केल्यावरही फिरणाऱ्या फोटोतला कोन, प्रकाश आणि चेहऱ्यावरचा भाव यांच्याशी जुळणारी फ्रेम सापडली नाही, तर तो फोटो दुसरीकडून आला असल्याचा संशय बळावतो.

फ्रेम सापडली तरी काम संपत नाही. ‘फ्रेंड्स’ हे त्याचे उत्तम उदाहरण. ही मालिका 35 मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाली, पण घरोघरच्या चौकोनी टीव्हीसाठी, म्हणजे 4:3 या प्रमाणात. कॅमेऱ्यामागच्या लोकांना माहीत होते, की कडेचा भाग कोणाला दिसणार नाही. नंतर रुंद पडद्यासाठी नवी प्रत काढताना फिल्मच्या कडा उघड्या पडल्या. उंची तीच ठेवली तर 16:9 ची चौकट जुन्या चौकटीपेक्षा एक तृतीयांश रुंद असते. त्या वाढीव पट्टीत काही प्रसंगांत नायिकेच्या जागी भलतीच बाई बसलेली दिसते. ती बदली कलाकार. नायिकेचा चेहरा त्या शॉटमध्ये येणार नव्हता, म्हणून तिच्या जागी कोणीतरी बसले इतकेच. जुनी 4:3 ची डीव्हीडी लावली की ती बाई चौकटीबाहेर जाते. मग ही चूक कोणाची? दिग्दर्शकाची नक्कीच नाही. ती मालिका बनल्यानंतर, प्रत बदलताना जन्माला आली आणि तशीच नोंदवायला हवी.

आता उरतात त्या अस्सल कंटिन्युइटीच्या चुका: एका शॉटमध्ये ग्लास अर्धा, पुढच्यात भरलेला, केस खांद्यापुढे, मग खांद्यामागे. तपासताना दोन शॉट शेजारी ठेवावेत आणि मधल्या वेळात, चौकटीबाहेर, कोणी ग्लास भरू शकले असते का ते पाहावे. तिसऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर दहा सेकंद कॅमेरा थांबला असेल, तर भरू शकले असते. संवाद न तुटता थेट कट असेल, तर नाही.

अशा चुका सेटवर कोणालाच दिसत नाहीत असे समजणे अन्यायाचे आहे. स्क्रिप्ट सुपरवायझर प्रत्येक टेकला कोणत्या शब्दावर कोणता हात उचलला हे लिहून ठेवतो. पण संकलकापुढे एकाच संवादाचे अनेक टेक असतात. ‘अपोकॅलिप्स नाऊ’चे संकलक वॉल्टर मर्च यांनी चांगल्या कटचे सहा निकष सांगताना त्यांना वजनही दिले आहे. भावनेला 51 टक्के, कथेला 23, लयीला 10. आणि कोण कुठे उभे आहे, वस्तू कुठे आहे या जागेच्या सातत्याला शेवटचे 4. ज्या टेकमध्ये अभिनेत्रीचा आवाज नेमका भरून आला त्यातच ग्लास रिकामा असेल, तर या हिशेबाने संकलक तो टेक ठेवतो. ग्लासची विसंगती त्याला तेव्हाच दिसलेली असते.